कॉइन-मार्जिन की USDT-मार्जिन: 1x दिसतं तेव्हा खरी जोखीम किती असते

प्रश्न: सर, मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. माझ्याकडे 0.5 बिटकॉइन आहे. पाच महिन्यांनी गंगापूर रोडच्या फ्लॅटचा मोठा हप्ता भरायचाय, तोपर्यंत कॉइन विकायचा नाही. एक मित्र म्हणतो, कॉइन-मार्जिनवर 1x लाँग घे, कॉइन वाढतील, आणि 1x ला लिक्विडेशन होतच नाही. दुसरा म्हणतो, त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये 1x शॉर्ट मार, आजची किंमत लॉक होईल. आणि USDT वाले कॉन्ट्रॅक्ट सगळ्यात सोपे असंही ऐकतो. बिटकॉइन तोच, भाव तोच, तर नफ्या-तोट्यात एवढा फरक का पडतो?

उत्तर:

तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. पहिल्याचं चुकीचं आहे आणि तुमच्या गरजेसाठी धोक्याचंही. लिक्विडेशन, म्हणजे तारण संपत आल्यावर एक्स्चेंजने सौदा सक्तीने बंद करणं, कॉइन-मार्जिनवर 1x लाँगचंही होतं, आणि तेही भाव निम्मा होता होता. का, ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. हिशोब सोपा जावा म्हणून भाव 60,000 डॉलर धरू. म्हणजे तुमचा 0.5 बिटकॉइन आज 30,000 डॉलरचा.

लाँग म्हणजे भाव चढेल यावर पैज, शॉर्ट म्हणजे पडेल यावर, आणि 1x म्हणजे सौदा तारणाएवढाच. आधी दोन्ही कॉन्ट्रॅक्ट कशात मोजतात ते बघा. USDT कॉन्ट्रॅक्टमध्ये तुम्ही किती बिटकॉइन ते ठरवता आणि नफा-तोटा USDT मध्ये, म्हणजे डॉलरला बांधलेल्या कॉइनमध्ये होतो. कॉइन-मार्जिनमध्ये, ज्याला इन्व्हर्स म्हणतात, तुम्ही किती डॉलरचं ते ठरवता आणि नफा-तोटा बिटकॉइनमध्ये होतो. कुठे एक कॉन्ट्रॅक्ट 1 डॉलरचं असतं, कुठे 10 चं, कुठे 100 चं. हा प्रकार रुळला त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. 2016 मध्ये बिटमेक्स या एक्स्चेंजने पर्पेच्युअल, म्हणजे मुदत नसलेलं कॉन्ट्रॅक्ट आणलं तेव्हा तिथे डॉलर जमा करायची सोयच नव्हती, फक्त बिटकॉइन घेत. मग डॉलरच्या भावावर पैज, पण देणंघेणं बिटकॉइनमध्ये, अशी रचना ठेवली. सूत्रं अशी:

```
कॉइन-मार्जिन लाँग : BTC मधला नफा  = डॉलर × (1/खरेदीभाव − 1/विक्रीभाव)
USDT लाँग         : USDT मधला नफा = BTC × (विक्रीभाव − खरेदीभाव)
```

आता एक गैरसमज काढून टाकतो. पुष्कळ जण वरचं सूत्र बघून म्हणतात की इन्व्हर्समध्ये लाँगवाल्याला नफा कमी मिळतो. करून बघा. 60,000 ला 30,000 डॉलरचा लाँग घेतला आणि भाव 75,000 झाला. 30,000 ला 60,000 ने भागलं तर 0.5, 75,000 ने भागलं तर 0.4. नफा 0.1 बिटकॉइन, म्हणजे त्या क्षणाच्या भावाने 7,500 डॉलर. USDT कॉन्ट्रॅक्टमध्ये 0.5 बिटकॉइनचा लाँग असता तर 0.5 गुणिले 15,000, तेही 7,500. भाव खाली आला तरी हेच. सौदा बंद करण्याच्या क्षणी डॉलरमध्ये मोजलं तर दोन्ही कॉन्ट्रॅक्टचा नफा-तोटा तंतोतंत सारखा येतो. त्यामुळे फरक कॉन्ट्रॅक्टच्या नफ्यात शोधू नका. तो तारणात आहे, म्हणजे मार्जिन म्हणून जे ठेवलंय त्यात.

USDT मार्जिन असेल तर भाव कुठेही गेला तरी तारणाची किंमत तीच राहते. बिटकॉइन मार्जिन असेल तर तारण स्वतःच भावाबरोबर वर-खाली होतं. म्हणजे एकही सौदा न करता, नुसता 0.5 बिटकॉइन त्या खात्यात टाकून बसलात तरी तुम्ही 0.5 बिटकॉइनने लाँग आहातच. त्यावर 1x लाँग घेतला की एकूण 1 बिटकॉइनचा लाँग होतो, 30,000 डॉलरच्या भांडवलावर. स्क्रीनवर 1x दिसतं, पण खरी जोखीम दुप्पट आहे. लासलगावचा एखादा व्यापारी चाळीतला कांदा तारण ठेवून, त्याच कर्जातून आणखी कांदा भरून ठेवतो तसं हे आहे. भाव पडला की हातातला माल आणि तारण दोन्ही एकदमच उतरतात.

तुमच्या खात्याची डॉलरमधली किंमत अशा लाँगमध्ये नेहमी "चालू भाव वजा 30,000" एवढी राहते. भाव 75,000 असेल तर 45,000. भाव 40,000 ला आला तर उरतात 10,000. आणि भाव 30,000 ला आला तर शून्य. कॉइनमध्ये बघा: 30,000 डॉलरला 30,000 ने भागलं तर 1 बिटकॉइन, म्हणजे तोटा 0.5 बिटकॉइन, म्हणजेच तुमचं सगळं मार्जिन. मेंटेनन्स मार्जिन, म्हणजे सौदा चालू ठेवायला लागणारं किमान तारण, अर्धा टक्का धरलं तर लिक्विडेशन 30,150 च्या आसपास होईल. USDT च्या 1x लाँगमध्ये 40,000 ला तुमच्याकडे 20,000 उरले असते, 30,000 ला 15,000, आणि भाव जवळपास शून्यावर जाईपर्यंत लिक्विडेशन झालं नसतं. पण सगळे पैसे USDT करून 1x लाँग घेणं म्हणजे नुसता बिटकॉइन हातात ठेवण्यासारखंच आहे, वर फंडिंगचा खर्च, त्याबद्दल पुढे सांगतो. तुमच्याकडे कॉइन आधीच असताना त्याला काही अर्थ नाही.

"कॉइन वाढतील" हे आश्वासनही नीट तपासून घ्या. भाव दुप्पट, 1,20,000 झाला तर या लाँगमध्ये 0.25 बिटकॉइन वाढतील. भाव कितीही चढला तरी वाढ 0.5 च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण सूत्रातला दुसरा भाग शून्याकडे जातो, पहिला 0.5 वरच थांबतो. उलट बाजूला तोटा दर पायरीला जड होत जातो. 60,000 वरून 50,000 ला येताना 0.1 बिटकॉइन जातो, 50,000 वरून 40,000 ला येताना 0.15, आणि 40,000 वरून 30,000 ला येताना 0.25. पडझड सारखीच, 10,000 डॉलरची, पण शेवटच्या टप्प्यात आधीच्या दोन्ही टप्प्यांएवढे कॉइन जातात. मोठ्या घसरणीत कॉइन-मार्जिनचे लाँगवाले एकामागोमाग एक का उडतात त्याचं मूळ इथे आहे. त्यांचं लिक्विडेशन म्हणजे सक्तीची विक्री, त्या विक्रीने भाव आणखी खाली, आणि मग पुढच्याचं तारण पातळ. 12 मार्च 2020 ला बिटकॉइन सकाळी साधारण 7,900 डॉलरला होता आणि चोवीस तासांच्या आत काही एक्स्चेंजवर 4,000 च्या खाली आला. तेव्हा बाजारात कॉइन-मार्जिनचंच वजन मोठं होतं. त्या सकाळी घेतलेला 1x लाँगसुद्धा रात्री लिक्विडेशनच्या उंबरठ्यावर होता. म्हणून "1x ला होत नाही" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते.

कॉइन-मार्जिनचा दुसरा चेहरा शॉर्टमध्ये दिसतो, आणि तुमच्या कामाचा तोच आहे. खात्यात 0.5 बिटकॉइन, त्यामुळे आधीच 0.5 ने लाँग. त्यावर 30,000 डॉलरचा शॉर्ट. दोन्ही एकमेकांना कापतात आणि खात्याची किंमत 30,000 डॉलरवर स्थिर राहते. भाव 1,20,000 झाला तर शॉर्टमध्ये 0.25 बिटकॉइन जातील, उरलेल्या 0.25 ची किंमत 30,000. भाव 40,000 ला आला तर 0.25 मिळतील, एकूण 0.75 बिटकॉइन, किंमत पुन्हा 30,000. भाव कितीही चढला तरी शॉर्टचा तोटा 0.5 बिटकॉइनच्या आतच राहतो, म्हणून निव्वळ भावामुळे या शॉर्टचं लिक्विडेशन होत नाही. USDT कॉन्ट्रॅक्टमध्ये 1x शॉर्टला ही सोय नाही. तिथे भाव दुप्पट होण्याच्या जरा आधी खेळ संपतो.

चारही बाजूंचा अंदाज या सूत्रांनी येतो. P म्हणजे सौद्याचा भाव, L म्हणजे खरी लिव्हरेज, सौदा तारणाच्या किती पट आहे तो आकडा. मेंटेनन्स मार्जिन आणि फी यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात लिक्विडेशन थोडं आधीच होईल.

```
कॉइन-मार्जिन लाँग  : P × L / (L + 1)
कॉइन-मार्जिन शॉर्ट : P × L / (L − 1)
USDT लाँग          : P × (L − 1) / L
USDT शॉर्ट         : P × (L + 1) / L
```

L च्या जागी 10 घाला. लाँगचं लिक्विडेशन कॉइन-मार्जिनमध्ये 54,545 ला, USDT मध्ये 54,000 ला. फरक किरकोळ. L कमी करत 1 कडे आणा आणि तोच फरक 30,000 विरुद्ध शून्य होतो. म्हणजे हा फरक सावध, कमी लिव्हरेजवाल्या माणसालाच सगळ्यात जास्त लागू आहे, आणि तोच माणूस "माझी लिव्हरेज कमी आहे" म्हणून निर्धास्त असतो.

खरी लिव्हरेज म्हणताना ऑर्डरच्या स्क्रीनवर लिव्हरेज निवडायच्या स्लायडरवरचा आकडा धरू नका. क्रॉस मोडमध्ये अख्खं खातं तारण असतं, म्हणून स्लायडर कितीवरही असला तरी सौद्याची डॉलरमधली किंमत भागिले खात्यातल्या तारणाची किंमत, हीच तुमची लिव्हरेज. आयसोलेटेड मोडमध्ये त्या सौद्याला जेवढं मार्जिन दिलं तेवढंच धरतात. खात्यात 0.5 बिटकॉइन आहे, पण आयसोलेटेडमध्ये 10x लावून 0.05 च बांधलंय, तर तुमचा "सुरक्षित" शॉर्ट 66,667 च्या आधीच उडेल आणि उरलेला 0.45 नुसता बघत बसेल. ऑर्डर गेल्यावर पोझिशनच्या ओळीत लिक्विडेशन प्राइस दिसते, ती वाचाच. 1x शॉर्ट नीट बसला असेल तर तिथे काहीच आकडा नसतो किंवा अवाच्या सव्वा मोठा असतो. साधा 66,000 सारखा आकडा दिसला तर काहीतरी चुकलंय.

तशीच चूक संख्येच्या रकान्यात होते. 100 डॉलरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तुम्हाला 300 टाकायचेत, 1 डॉलरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये 30,000. एका एक्स्चेंजची सवय दुसऱ्यावर घेऊन गेलात की शंभरपट सौदा होऊ शकतो. मार्जिन अपुरं म्हणून ऑर्डर परत येईल असं समजू नका, स्लायडर वर चढवलेला असेल तर ती स्वीकारलीही जाऊ शकते. म्हणून स्लायडर आधी 1x वर आणा, मग संख्या टाका.

तुमच्यासाठी खरा प्रश्न पुढे आहे: पूर्ण 0.5 एक्स्चेंजवर ठेवायचा का? 1x शॉर्टची ही किंमत आहेच. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स बुडालं आणि जुलै 2024 मध्ये वझीरएक्सवर मोठी चोरी झाली, तेव्हा लोकांचे सौदे बरोबर होते की चूक याला काही महत्त्व उरलं नाही. माल अडकला तो अडकला. म्हणून मी सहसा निम्मा माल एक्स्चेंजवर आणि निम्मा स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवायला सांगतो. एक्स्चेंजवर 0.25 बिटकॉइन, शॉर्ट तेवढाच, 30,000 डॉलरचा. आता खरी लिव्हरेज 2 झाली, म्हणून इथे स्लायडरही 2x वर, आणि सूत्राने लिक्विडेशन 1,20,000 ला, मेंटेनन्स धरून साधारण 1,19,400 ला. म्हणजे पाच महिन्यांत भाव जवळपास दुप्पट होईपर्यंत वॉलेटला हात लावायची गरज नाही, आणि लागलाच तर पाठवायला कॉइन तयार आहेत. भाव 90,000 च्या पुढे गेला की थोडे पाठवा, वाट बघत बसू नका. चढत्या बाजारात नेटवर्क भरलेलं असतं आणि पैसे जमा व्हायला वेळ लागतो.

हेच काम USDT ने केलं असतं तर? 0.5 बिटकॉइन वॉलेटमध्ये, बाजूला 15,000 USDT मार्जिन आणि 0.5 बिटकॉइनचा शॉर्ट. तारण आजच्या किमतीत तेवढंच, 15,000 डॉलरचं. पण लिक्विडेशन 90,000 च्या आत. कारण भाव चढताना कॉइनचं तारण स्वतः फुगतं, USDT चं नाही. कॉइन चढल्याने तुम्ही श्रीमंत झालेले असता, पण ती श्रीमंती वॉलेटमध्ये असते आणि एक्स्चेंजला ती दिसत नाही. शिवाय ते 15,000 USDT आणणार कुठून? तुम्हाला तर कॉइन विकायचा नाहीये.

हल्ली काही ठिकाणी बिटकॉइन तारण ठेवून USDT कॉन्ट्रॅक्ट घेता येतं. ते नावाने USDT असलं तरी लाँग बाजूला स्वभाव कॉइन-मार्जिनचाच, कारण तारण पडतंच. शॉर्ट बाजूला तोटा USDT मध्ये उधार साचत जातो, आणि तो एका मर्यादेपुढे गेला की एक्स्चेंज तुमचे कॉइन आपोआप विकून वसूल करतं. तारणाची किंमतही पूर्ण न धरता थोडी कापून धरतात. तुम्हाला कॉइन विकायचा नसेल तर ही व्यवस्था टाळा.

USDT च्या बाजूने न्यायाने दोन गोष्टी सांगायला हव्यात. ज्याच्याकडे कॉइन नाहीत आणि ज्याला भावावर साधा सौदा करायचाय त्याच्यासाठी तेच बरं: हिशोब सरळ रेषेत, लाँगचं तारण घसरणीत टिकून राहतं. पण ते तारण म्हणजे डॉलर नव्हे, कुणा कंपनीचं वचन आहे. मे 2022 मध्ये USDT काही तास 95 सेंटच्या आसपास गेला होता. त्याच जातीचा दुसरा कॉइन USDC, त्याच्या कंपनीचे पैसे सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकल्याची बातमी आल्यावर मार्च 2023 मध्ये 88 सेंटपर्यंत उतरला होता, मग सावरला. अशा दिवशी स्क्रीनवरचा नफा-तोटा बरोबर असतो, पण तो ज्यात मोजलाय तेच हललेलं असतं.

फंडिंगकडे या. पर्पेच्युअलमध्ये बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी लाँग आणि शॉर्ट यांच्यात देणंघेणं होतं. दर धन असेल तर लाँगवाले शॉर्टवाल्यांना देतात, ऋण असेल तर उलट. 0.01 टक्का हा नेहमी दिसणारा दर धरला तर 30,000 डॉलरवर एका वेळेला 3 डॉलर, दिवसाला 9. तुम्ही शॉर्ट असाल आणि पाच महिने दर तसाच राहिला तर साधारण 1,350 डॉलर तुमच्याकडे येतील, तेही बिटकॉइनमध्ये. पण दर तसाच राहील याची हमी नाही. घसरणीनंतर तो ऋण होऊन आठवडेच्या आठवडे राहू शकतो आणि मग हेच पैसे तुमच्या तारणातून जातात. आठवड्यातून एकदा फंडिंगचा इतिहास उघडा. ही गळती नको असेल तर पाच महिन्यांच्या जवळची तारीख असलेलं तिमाही कॉन्ट्रॅक्ट बघा. त्यात फंडिंग नसतं, जो काही फरक आहे तो भावातच असतो आणि पहिल्या दिवशीच कळतो.

सौदा मोडताना घाई करू नका, पण दोन कामांत अंतरही पडू देऊ नका. समजा हप्त्याच्या वेळी भाव 40,000 आहे. तुमच्याकडे एकूण 0.75 बिटकॉइन आहेत, आणि शॉर्ट अजून उघडा आहे. आधी शॉर्ट बंद करून "कॉइन उद्या विकू" म्हणालात तर त्या रात्री तुम्ही 0.75 बिटकॉइनने पूर्ण लाँग आहात, आधीपेक्षा जास्त. तुकडे करा: 60 कॉन्ट्रॅक्ट बंद, लगेच तेवढ्या डॉलरचे कॉइन विक्री, मग पुढचे 60. वॉलेटमधला निम्मा माल आधीच एक्स्चेंजवर आणून ठेवा. आणि ज्या एक्स्चेंजवर शॉर्ट आहे तिथून रुपये थेट बँकेत येत नसतील, तर मधल्या टप्प्याला लागणारा वेळ हप्त्याच्या तारखेत धरा.

यातून लॉक होतो तो डॉलर, रुपया नाही. पाच महिन्यांत रुपया सरकला तर तेवढा फरक तुमच्या अंगावर. कराचं त्याहून मोठं आहे. क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर आणि वर सेस, विक्रीवर 1 टक्का टीडीएस, आणि त्या नफ्यातून दुसरा तोटा वजा करता येत नाही. म्हणजे भाव चढला तर कॉइनच्या नफ्यावर कर लागेल, पण शॉर्टमधला तोटा त्यात वळता होणार नाही. वर मी 30,000 डॉलर स्थिर राहतात म्हणालो ते कराच्या आधीचे. तुमची मूळ खरेदी फार स्वस्तात झाली असेल तर हा आकडा लहान नाही, त्यामुळे शॉर्ट मारायच्या आधी खरेदीची तारीख आणि भाव घेऊन सीएकडे जा. त्याने काढलेला करानंतरचा आकडा हप्त्याला पुरतो का ते बघून मगच 300 कॉन्ट्रॅक्ट टाकायचे की कमी, ते ठरवा.